हार्डवर्किंग म्हणजे नेमकं काय केलं ते लिहा ना भो

परत तेच! जळगाव एमआयडीसीत स्टोअरच्या जागेसाठी रिझ्युमे चाळतोय आणि ज्याच्या त्याच्यावर 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर'. अरे भो, हे तपासायचं कसं? एका पोराला फोन लावला तर कळलं, गडी सावद्याला केळीच्या पॅकहाऊसवर 2 सीझन डिस्पॅच बघत होता, 6 जण मिळून बॉक्स मोजून गाडीत भरायचे, चलन अन् रजिस्टर याच्याकडे, आणि कागदावर यातलं एक अक्षर नाही! हेच लिही ना, 'केळी पॅकहाऊस, सावदा, 2 सीझन, 6 जणांसोबत लोडिंग, रोजचं चलन व स्टॉक रजिस्टर माझ्याकडे', मग मी तिथल्या सुपरवायझरला विचारून लगेच खात्री करतो. फक्त आकडा फुगवू नका, रोज किती बॉक्स जायचे विचारलं की पितळ उघडं पडतं.