बायकोचं काय विचारायचं?

म्हापशात जुना फ्लॅट घेताय ना? मग सर्वांत आधी विकणाऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या. भिंतीवर हार घातलेला काकूंचा फोटो असेल, त्याच्याकडे पाहून हळहळा आणि विषय बदला. काकू कधी गेल्या, लग्न कुठे नोंदवलं होतं, मुलं किती, असलं काही विचारू नका. दुःखात असलेल्या माणसाला जन्म-मृत्यूचे दाखले मागणं आपल्या संस्कारात बसत नाही.

काका सांगतील, ‘पेपर एकदम क्लिअर.’ आणि फ्लॅटवर कसलाही बोजा नोंदलेला नाही असं सांगणारं निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट पुढ्यात ठेवतील. त्यावर सब-रजिस्ट्रारचा शिक्का असतो, मग अजून काय हवं? हा कागद फक्त नोंदलेल्या दस्तांबद्दल बोलतो, हे मनात आणू नका. काकूंचा अर्धा हिस्सा कुठल्याच दस्ताने आलेला नाही, तो लग्नाने आला. गोव्यात लग्न नोंदवताना आधी वेगळा करार केलेला नसेल, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून चालत आलेल्या नियमाने नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि तिच्यावर दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. दस्तावर नाव एकट्या काकांचं असलं तरी. त्यामुळे ३० वर्षांचा शोध घ्या, नाहीतर ५० वर्षांचा, सर्टिफिकेट बिचारं ‘निल’च म्हणणार. खोटं ते मुळीच बोलत नाही, त्याला फक्त काकू माहीत नाहीत.

आता दस्त वाचा. म्हणजे मोबदल्याचा आकडा आणि फ्लॅट नंबर तेवढा पाहा, पहिलं पान उलटून पुढे जा. तिथे विकणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, वय आणि त्यापुढे एक फुटकळ शब्द असतो, त्यात काय वाचायचं! काकांच्या २००१ च्या खरेदीच्या दस्तात तो शब्द आहे ‘विवाहित’. तुमच्या नव्या मसुद्यात आहे ‘विधुर’. या दोन शब्दांच्या मधे एक बाई हयात होती आणि मग नव्हती, एवढंच तर झालं. इतकी वर्षं दस्त चाळून माझं मत असं बनलंय की अख्ख्या कागदात वाचण्यासारखे हे दोनच शब्द असतात. पण माझं ऐकू नका, मला संशय घ्यायची सवय आहे.

हिशेब करायचा मोह झालाच, तर मनातल्या मनात करा. फ्लॅट ६० लाखांचा. त्यातला ३० लाखांचा अर्धा भाग काकांचा, तो त्यांच्याकडेच राहिला. उरलेला अर्धा काकूंचा, तो त्या गेल्यावर मुलांकडे. मृत्युपत्र नाही, एक मुलगा, एक मुलगी, म्हणजे प्रत्येकी १५ लाख. इथपर्यंत कुणीही थांबेल. पण मुलगा आणि मुलगी दोघांचीही लग्नं गोव्यातच नोंदवलेली, वेगळा करार नाही. मग वारशाने आलेल्या त्या १५ लाखांतही सुनेचा आणि जावयाचा अर्धा-अर्धा, साडेसात लाख. म्हणजे चहा एका काकांनी पाजला आणि सह्या लागणार पाच: काका, मुलगा, सून, लेक, जावई. तुम्ही एकट्या काकांची घ्या. फार फार तर ३० लाखांची वस्तू ६० ला पडेल.

काका मनाने चांगले आहेत, ते स्वतःहून म्हणतील, ‘पोरीने हक्क सोडलाय.’ लगेच मान डोलवा. कुठे, कुणासमोर, जावयाची संमती होती का, हे विचारून चांगल्या घरात फूट पाडू नका. हक्क सोडायला गोव्यात विशेष नोटरी म्हणून नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे रीतसर दस्त करावा लागतो आणि त्यात नवऱ्याचीही संमती लागते. पण काकांकडे वहीच्या पानावर लेकीने लिहून दिलेली चिठ्ठी आहे. अक्षर सुंदर आहे.

वारसा दस्ताचं तर नावच काढू नका. तोही विशेष नोटरीकडे होतो आणि मयताचे वारस कोण, एवढंच सांगतो. कुणाला काय मिळालं ते त्यात नसतं. पुष्कळ लोक तो दाखवून ‘बघा, फ्लॅट माझ्या नावावर झाला’ म्हणतात, आपणही कौतुकाने ‘वा’ म्हणावं. वाटणी व्हायची तर कोर्टात इन्व्हेंटरी करावी लागते. तिथे मालमत्तेची यादी होते आणि कुठली वस्तू कुणाच्या वाट्याला ते ठरतं. सगळे वारस सज्ञान आणि एकमताचे असतील, तर वारसा दस्त करून पाचही जणांनी तुमच्या दस्तावर विक्रेते म्हणून सही केली की काम भागतं. एखादा रुसलेला निघाला की रस्ता कोर्टाकडून जातो. ‘विक्रेते म्हणून’ या दोन शब्दांवर अडून बसू नका. लेक-जावयाला खाली साक्षीदारांच्या रांगेत बसवलं तरी फोटो तेवढाच छान येतो.

मुलगा लंडनला आहे? उत्तम! त्याने काकांना व्हॉट्सॲपवर ‘ओके’ पाठवलंय, अंगठाही आहे. मुखत्यारपत्र मागाल तर तो म्हणेल, वकिलातीत जायला वेळ नाही. ते आलंच तर त्यात या फ्लॅटचं नाव आणि विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, सुनेने स्वतःचं दिलंय का, भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरला का, असले प्रश्न विचारणारा माणूस रसिक नसतो. देणारा मेला की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणून नोंदणीच्या दिवशी लंडनला फोन लावून ‘बरे आहात ना?’ विचारणं तर फारच अशुभ.

मागचे कागद? काकांचा २००१ चा तो दस्त बिल्डरने करून दिलेला विक्री दस्त आहे की नुसत्या करारावरच इतकी वर्षं निघाली, ते एकदा पाहून टाका. जमिनीच्या मूळ दस्तात भाटकाराच्या, म्हणजे जुन्या जमीनमालकाच्या बायकोची सही आहे का, हेही बघायला हवं, कारण नियम त्यांनाही तोच होता. पण तिथवर जायचं म्हणजे जुन्या नोंदवह्या उघडाव्या लागतात, आणि त्या दिवशी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असतो. मासळी महत्त्वाची.

समजा, तीन वर्षांनी जावयाची नोटीस आली, तर घाबरू नका. तोवर तुम्ही नवं किचन बसवलेलं असेल. इन्व्हेंटरीच्या यादीत ‘फ्लॅट, दुसरा मजला’ म्हणून तेही वाचलं जाईल. काकांकडे पैसे मागायला जाल, तर ते पुन्हा चहा करतील. ६० लाखांतले बहुतेक लंडनला घराच्या डिपॉझिटला गेलेले असतील, ओके पाठवणाऱ्याकडेच.

आणि हो, फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या. बायकोला उगाच नोंदणीला ताटकळत कशाला ठेवायचं? तुमचं लग्न म्हापशातच नोंदवलंय आणि करारबिरार तुम्हीही केला नव्हता. ती घरी बसूनच अर्ध्याची मालकीण होईल. तुमच्या मसुद्यात तुमच्या नावापुढे टायपिस्टने ‘विवाहित’ लिहिलं असेल, तेवढं खोडायला सांगा. दिसायला बरं नाही दिसत.