बायोडेटातले दोन इंच

आमच्या चिरंजीवांचा शाळेत पहिला नंबर लागतो. प्रार्थनेच्या रांगेत. रांग बुटक्यांपासून सुरू होते. वय वर्षं 10, उंची दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणेप्रमाणे 131 सेंटीमीटर. त्याच्या आजीने बाल्कनीत लोंबकळायला दांडा बसवून घेतला. हल्ली त्याला फक्त टॉवेल लोंबकळतात. "आमच्याकडे सगळे उंच हो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि बायकोकडे बघते. शेवटी आम्ही तिघं मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

पोराला मोजून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं."

"माझी पाच फूट आठ. लिहून घ्या," मी घाईने म्हटलं.

"सगळे बाबा तोंडीच सांगतात. चपला काढा."

टाचा, पार्श्वभाग, खांदे भिंतीला टेकवून, नजर सरळ समोर ठेवून मी उभा राहिलो. वरून फळी खाली आली. मी सकाळी केसांचा जो फुगा काढला होता, तो तिने निर्दयपणे दाबला. एरवी मी श्वास भरून छाती काढतो, तेही त्या बघत होत्या. 168. म्हणजे पाच फूट सहा.

"संध्याकाळी माणूस थोडा आखडतो ना? मणक्यातल्या चकत्या दबतात म्हणे," मी शेवटचा प्रयत्न केला.

"दबतात. पण एखाद-दुसरा सेंटीमीटर. पाच नाही."

बायको 152 भरली. ती लग्नाआधीपासून पाच फूट सांगत आली आहे आणि तेवढीच निघाली. तिची नजर माझ्या पायांवरून हळूहळू डोक्याकडे गेली. वाट तिच्या समजुतीपेक्षा दोन इंचांनी लवकर संपली.

मग बाईंनी गणित मांडलं. वडिलांची उंची, आईची उंची, मुलगा असेल तर वर 13 मिळवायचे आणि बेरजेचं निम्मं करायचं. 168 अधिक 152 अधिक 13, झाले 333, निम्मे 166.5. हे 13 कुठून आले, असं मी विचारलं. पुरुष बायकांपेक्षा सरासरी तेवढे उंच असतात. म्हणून आधी आईची उंची 'पुरुषी' करून घ्यायची आणि मग दोघांची सरासरी काढायची. मुलगी असेल तर 13 वजा करायचे. आम्हाला मुलगी असती तर तिच्या नावावर 153.5 आले असते.

"म्हणजे हा 166.5 होणार?" माझा आवाज थोडा पडला.

"साधारण. अधिक-उणे 8.5."

मी मनातल्या मनात हिशेब केला. 158 ते 175! पाच फूट दोन ते जवळजवळ पाच फूट नऊ. एवढ्या फटीतून अख्खं खानदान निघून जाईल. ज्योतिषीसुद्धा याहून नेमकं सांगतो, चुकीचं का असेना. बाई म्हणाल्या की अशा आईबापांच्या शंभरातली पंचाण्णवेक मुलं या पट्ट्यात बसतात आणि उरलेली बाहेर जातात, तीही बऱ्याचदा धडधाकट असतात. एकाच घरातले दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या खांद्याला लागतात, ते उगाच नाही. कुणाच्या वाट्याला कुठल्या आजोबांचं काय येईल, कोण लवकर वयात येईल, कोणाला लहानपणी किती आजारपणं निघतील, यातलं त्या बेरजेला काहीच ठाऊक नसतं.

मग ही बेरीज करायचीच कशाला? बाईंनी उंचीचा तक्ता पुढे ओढला. 18 वर्षांच्या कडेला 166.5 वर टिंब दिलं आणि वर-खाली 8.5 ची दांडी काढली. पोराचा आजचा ठिपका ज्या वक्ररेषेजवळ होता, तिच्यावरून पेन सरकवत नेलं. ते दांडीच्या आतच जाऊन टेकलं, टिंबाच्या जरा खाली. "तो तुमच्या घराच्या मानाने बुटका नाही. तुमचं घरच बेताचं आहे," त्या म्हणाल्या. रेष दांडीच्या बाहेर निघाली असती, किंवा पोर दरवर्षी एकेक रेष खाली घसरत असतं, तर थायरॉइडची तपासणी आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे, ज्यात हाडांचं वय दिसतं. पण एका मापावरून वेग कळत नाही. सहा महिन्यांनी परत आणा, याच भिंतीला.

"मी 173 असतो तर?" मी उगीच विचारलं.

"तर उत्तर 169 आलं असतं. तुमच्या थापेतली निम्मीच पोराला पोचते."

रिक्षात बायको गप्प होती. पोरगं मात्र खुशीत होतं, कारण बाबांना पकडणं फार सोपं निघालं होतं. घरी आल्यावर तिने कपाटातून तो बायोडेटा शोधून काढला. उंची : 5 फूट 8 इंच. माझ्याच अक्षरात.

"अगं, अधिक-उणे धरायचं असतं," मी म्हटलं.

"तुझ्यात उणे कुठेच नाही," ती म्हणाली आणि पट्टी, पेन्सिल घेऊन मला दाराच्या चौकटीपाशी बोलावलं.