पत्रिका जुळत नाही, पण फ्रेंचमध्ये

ल्योंमध्ये एचआरमध्ये काम करते, आणि नकाराचे मेल लिहिणं हे माझ्या कामातलं सगळ्यात नावडतं काम. एका जागेला एकच माणूस घ्यायचा म्हणजे बाकी सगळ्यांना "नाही" म्हणायचंच, आणि ते फ्रेंचमध्ये म्हणायचं तर त्या भाषेत त्यासाठी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली वाक्यं तयारच आहेत. माझं म्हणणं एवढंच की ती वाक्यं जितकी गोड, तितकी घातक.

झालं असं. अकाउंटंटच्या जागेसाठी शेवटच्या दोघांत एक बाई होत्या, फ्रान्समध्ये येऊन दोनेक वर्षं झालेल्या, फ्रेंच बऱ्यापैकी पण मातृभाषा नाही. त्यांची निवड झाली नाही. मी आमचा नेहमीचा साचा पाठवला. त्याचं मुख्य वाक्य असं सुरू होतं, "मालग्रे तू लँतेरे..." म्हणजे तुमचा अनुभव आम्हाला कितीही रोचक वाटला तरी, आणि मग बरंच पुढे जाऊन, तुमच्या अर्जाला "स्वीत फावोराब्ल" देता येत नाही. स्वीत म्हणजे पुढची पायरी, फावोराब्ल म्हणजे अनुकूल. अनुकूल पुढची पायरी देता येत नाही म्हणजे सरळ नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर, आनंदाने, की पुढची पायरी कधी आहे? त्यांनी "रोचक", "अनुकूल", "पुढची पायरी" हे शब्द पकडले आणि मधला छोटासा नकार हातून निसटला. मला अक्षरशः तोंड लपवावंसं वाटलं.

आपल्याकडे लग्न ठरवताना "पत्रिका जुळत नाही" म्हणतात ना, तसलंच हे. सगळ्यांना माहीत असतं की पत्रिकेचा काही संबंध नाही, पण ज्याला ती रीत माहीत नाही तो बिचारा दुसऱ्या ज्योतिषाकडे जाऊन गुण मोजत बसतो. शिष्टाचार हा आतल्यांसाठी असतो, बाहेरच्याला तो कोडं वाटतो.

मग मी फोन करून माफी मागितली आणि मेल नव्याने लिहिला. पहिल्या वाक्यात दोन्ही मुलाखतींसाठी दिलेल्या वेळेचे आभार. दुसऱ्याच वाक्यात, कसलंही "मालग्रे" न लावता, आम्ही दुसरी व्यक्ती निवडली आहे. तिसऱ्यात कारण: महिन्याची क्लोझिंग, म्हणजे महिनाअखेरीस हिशेब बंद करणं, त्या व्यक्तीने आधीच एकटीने सांभाळली आहे, तुम्ही आतापर्यंत टीमबरोबर केली आहे. चौथ्यात खरोखर पाहिलेली चांगली गोष्ट: सरावाच्या उदाहरणातली थकबाकी तुम्ही सगळ्यांपेक्षा स्पष्ट समजावून सांगितली होती. बस्. प्रोत्साहन म्हणजे असं काहीतरी एक नेमकं हवं, "तुमचे गुण उत्तम आहेत" हे तर न भेटता कुणालाही लिहिता येतं.

कारण देणं इथे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून पुष्कळ जण देतच नाहीत, आणि भीतीही असते. कामगार कायद्याच्या L1132-1 कलमात वय, मूळ, गरोदरपण, आडनाव, राहण्याचं ठिकाण अशा कितीतरी कारणांवरून नाकारायला बंदी आहे. त्यामुळे "आमची टीम तरुण आहे" असलं काही प्रेमाने जरी लिहिलं तरी ते वयाचं कारण झालं. माझा नियम साधा आहे, मुलाखतीच्या नोंदीत जे आहे तेच मेलमध्ये. उमेदवार त्या नोंदी मागू शकतो, आणि तिथे एक, मेलमध्ये दुसरं असं निघालं तर मग बसा.

सीव्ही ठेवून घेण्याचं वाक्यही तसंच. "आम्ही तुमचा सीव्ही जपून ठेवतो" हे दिलासा म्हणून टाकतात, पण सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेचं म्हणणं आहे की शेवटच्या संपर्कानंतर साधारण 2 वर्षांहून जास्त ठेवू नये, आणि उमेदवाराने नको म्हटलं तर पुसायचा. म्हणून मी मुदत आणि नको असेल तर काय करायचं ते लिहिते. "नक्की पुन्हा संपर्क करू" मात्र लिहीत नाही, कारण करत नाही.

आणि ते व्याकरण! "आम्ही तुम्हाला भेटलो" लिहिताना समोर बाई असेल तर फ्रेंच क्रियापदाच्या शेवटी एक जादा ई लागतो. ज्यांना भेटलोय त्यांच्याबाबतीत प्रश्न नाही, पण फक्त सीव्हीवरून नाकारताना किरण किंवा शीतल नाव आलं की इथले सहकारी माझ्याकडे बघतात, आणि मीही खांदे उडवते, तिथे आपण सरळ "बोंजूर किरण" लिहितो आणि मादाम-मस्यू टाळतो. शेवटी "बॉन कोंतिन्यूआसियों", म्हणजे पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, लिहायचा मोह होतो, पण नकारानंतर ते "बरं, या आता" असं ऐकू येतं. त्याऐवजी शोधात यश मिळो एवढंच, आणि खाली "स्नेहपूर्वक" अशा अर्थाचं कोर्दियालमाँ, माझं नाव आणि थेट नंबर. नंबर दिल्यापासून फोन येतात, हो, पण पुढची पायरी कधी हे कुणी विचारलेलं नाही.