कॅप्शन खरं लिहू नका, बॅच भरणार नाही

तर ट्रेनर साहेब, तुमचं कॅप्शन फर्स्टक्लास आहे: "२१ दिवसांत १० किलो कमी, गॅरंटीड! डाएटची कटकट नाही, पोट आधी जाणार!" यातला एक शब्दही बदलू नका, फक्त कॅल्क्युलेटर असलेल्या माणसापासून लांब रहा.

कारण तो मेला हिशेब करतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे दहा किलोला ७७ हजार, भागिले २१, रोजची साडेतीन हजारांच्या वर तूट झाली. आता बीकेसीत दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस दिवसाला खर्च करतो जेमतेम दोन हजार, तेव्हा त्याने २१ दिवस नुसतं पाणी पिऊन काढले तरी चरबी साडेपाच किलोच्या आसपासच जाते आणि तुम्ही तर वर डाएट नाही म्हणताय, वा!

तरी घाबरू नका, पहिला आठवडा तुमच्या बाजूने असतो. भात-चपाती कमी केली की शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं, काट्यावर दीड-दोन किलो झटकन उतरतात, तेव्हाच स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या आठवड्यात काटा अडला की "तुम्ही चीट केलं" म्हणा. फोटोचं तुम्हाला काय सांगायचं, बिफोर वडापाव खाऊन ट्यूबलाइटखाली, आफ्टर सकाळी उपाशीपोटी श्वास आत ओढून.

खाली बारीक अक्षरात "रिझल्ट वेगळे असू शकतात" टाकलं की सुटलो असं वाटतं ना? वर गॅरंटी आणि खाली नकार हे जाहिरातींच्या नियमांत चालत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. असो, एवढं कोण बघतंय.

आणि धंदा बुडवायचीच हौस असेल तर हे टाका:

"आठवड्यात ३ दिवस वेट ट्रेनिंग, जेवणाचा हिशेब आपण मिळून बसवू. नियमित केलंत तर बऱ्याच जणांचं आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं, काहींचं कमी, मध्ये काटा अडतोही. पोट आधी उतरेल की चेहरा, ते माझ्या हातात नाही. शुगर, बीपी, गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फोटोतल्या ताईंना ७ महिने लागले, फोटो त्यांना विचारूनच टाकलाय."

बघा, कसं मिळमिळीत! यात "गॅरंटी" घुसवायचीच असेल तर जे तुमच्या हातात आहे त्याची द्या, म्हणजे स्क्वॉट करताना मोबाइलमध्ये न बघता क्लायंटच्या गुडघ्यांकडे बघण्याची, सेशन बुडवलंत तर भरून देण्याची. सकाळी सहाला वेळेवर पोचण्याची मात्र नको, तुम्ही विरारहून येता.