‘मुद्रित साहित्य नष्ट करण्यात यावे’ म्हणे!

आमच्या औषध कारखान्यातल्या पॅकिंग लाइनच्या एसओपीचं, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीचं, मराठी भाषांतर ज्याने केलंय, त्याने बॅच संपताना एकदा तरी लाइनवर उभं राहायला हवं होतं. संताप होतो नुसता!

त्यातलं वाक्य बघा: ‘न वापरलेले मुद्रित साहित्य नष्ट करण्यात यावे, अमुद्रित साहित्य भांडारात परत करण्यात यावे.’ अहो, कार्टन पुरवठादाराकडून येतं तेच औषधाचं नाव छापून! अमुद्रित कार्टन आमच्या लाइनवर येतच नाही. मूळ इंग्रजीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यावर आपण बॅच नंबर आणि एक्सपायरी मारली ती फाडायची, ज्यावर नाही मारली ती मोजून स्टोअरला द्यायची. भाषांतरात या कोडिंगचा पत्ताच नाही, सगळं ‘मुद्रित’.

आता काय झालं ते सांगतो. १०,२०० कार्टन आली, १०,००० भरली, ३५ कोडिंगमध्ये खराब झाली. उरली १६५. त्यातली २५ कोड पडलेली, १४० बिनकोडची. एका शिफ्टच्या पॅकर ताईंनी वाचलं, ‘मुद्रित’ म्हणजे सगळीच की, आणि १६५ च्या १६५ फाडली. चांगली १४० वाया गेली, तरी रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या कार्टनच्या ताळमेळात, बेरीज १०,२०० च आली. म्हणजे कागदावर काहीच दिसलं नाही! पुढच्या वेळी असाच हिशोब उरला, तेव्हा दुसऱ्या शिफ्टने फाटकी-चांगली असा अर्थ लावला आणि १६५ स्टोअरला पाठवली. त्यात संपलेल्या बॅचचा कोड पडलेली २५ होती. बेरीज पुन्हा बरोबर! स्टोअरवाल्याने गठ्ठा उलटून फ्लॅप बघितला म्हणून सापडलं. नाहीतर तीच कार्टन पुढच्या बॅचला निघाली असती. स्ट्रिपवर एक एक्सपायरी, खोक्यावर दुसरी, आणि रुग्ण वाचणार खोकं.

मग सुरू झालं, ‘ऑपरेटरला ट्रेनिंग कमी पडलं.’ अरे, त्या ताईंनी लिहिलेलं अक्षरशः पाळलं! आणि भाषांतर तपासलं होतं म्हणे, मराठीचं परत इंग्रजी करून. ‘मुद्रित’चं ‘प्रिंटेड’ झालं, मूळातही प्रिंटेड शब्द होता, झाली सही. त्यात गळालेला ‘कोडेड’ कुणी शोधलाच नाही.

आणि ‘करण्यात यावे’ कुणी करावे? ऑपरेटरने, पॅकरने की गुणवत्ता बघणाऱ्या क्यूएने? तिघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात.

मी लिहून दिलं: ‘पॅकरने उरलेली कार्टन दोन ढिगांत लावावीत. बॅच नंबर पडलेली लाल क्रेटमध्ये. ती मोजून क्यूएसमोर फाडावीत. बॅच नंबर न पडलेली वेगळी मोजून स्टोअरला द्यावीत. आकडे वेगवेगळे लिहावेत.’ लाइनवर कुणालाही वाचायला दिलं तर हात बरोबर त्या ढिगाकडे जातो, मी करून बघितलंय. उत्तर आलं, ‘भाषा प्रमाण नाही.’ दोन महिने झाले, भिंतीवर अजून तेच ‘मुद्रित’ लटकतंय आणि रोज शिफ्ट संपताना मी स्वतः जाऊन प्रत्येक फ्लॅप उघडून बघतोय.