नव्या शेजाऱ्यांस, सप्रेम नमस्कार

समोरच्या फ्लॅटमध्ये नवे बिऱ्हाड आले, तेव्हा त्यांच्या दारावरची घंटा वाजवण्याऐवजी स्वागताची एक चिठ्ठी ठेवावी, असा सद्विचार माझ्या मनात आला. खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला हसून बोलणे जड जाते. चिठ्ठी तो सवडीने वाचू शकतो. हा विचार सुचायला अर्धे मिनिट लागले आणि चिठ्ठी लिहायला अख्खी संध्याकाळ.

पहिले घोडे मायन्यापाशीच अडले. नाव ठाऊक नसल्यामुळे 'रा. रा.'च्या पुढे मोकळी जागा सोडावी लागली आणि चिठ्ठीला भाडेकराराच्या छापील नमुन्याची कळा आली. 'सा. न. वि. वि.' पाहून पत्नीने ही कोणती संस्था, असे विचारले. 'लोभ आहेच, तो वाढावा' हे तर मी स्वतःच खोडले, कारण ज्या गृहस्थांचे दर्शन मला आतापर्यंत केवळ कपाटाचे एक टोक धरून मागे सरकताना, म्हणजे पाठमोरेच, झाले होते, त्यांच्याविषयी लोभ आहेच असे लिहिणे धाडसाचे होते. शेवटी साधा 'नमस्कार' राहिला.

मग उपयुक्त माहिती. 'लिफ्टचे दार जोरात लावल्यास आवाज वरपर्यंत येतो' हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आले की ही माहिती नसून तक्रार आहे, आणि तीही गुन्हा घडण्याच्या आधीच केलेली. 'आपल्या दोघांमधली भिंत पातळ आहे' हे मी निव्वळ मैत्रीच्या भावनेने लिहिले होते. पत्नीने ते मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्यातून धमकी ऐकू आली. तेव्हा मी एक चाळणी लावली: ज्या सूचनेचा फायदा वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्यालाच अधिक, ती गाळायची. अकरांपैकी तीन सूचना उरल्या. कचरा कधी नेतात आणि वीज गेल्यावर कोणता जिना उजेडाचा, या दोन एकेका ओळीत संपल्या. तिसरी होती पाण्याच्या कॉकची.

आमच्या मजल्यावरच्या डक्टमध्ये दोन्ही घरांचे कॉक शेजारी शेजारी आहेत आणि कोणा महाभागाने त्यांवरच्या क्रमांकाच्या पट्ट्या उलटसुलट लावलेल्या आहेत. आधीच्या भाडेकरूंचा नळ तुटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या क्रमांकाचा कॉक बंद केला. त्यांच्या घरात पाणी वाहतच राहिले आणि माझ्या घरातले थांबले. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. घरातला एक नळ सोडून ठेवायचा, कॉक फिरवायचा आणि जरा थांबायचे. पाइपात उरलेले पाणी थोडा वेळ येतच राहते, म्हणून पहिल्या धारेवरून निकाल देऊ नये. कॉक दांडीचा असल्याने पाव वळशातच उघडतो वा मिटतो. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर पाणी चालू, पाइपाला काटकोनात असेल तर बंद, हे मला प्लंबरने समजावले होते.

एवढे सगळे चिठ्ठीत मावेना. स्वागताच्या चिठ्ठीला दुसरे पान लागले की ती नियमावली होते, म्हणून मी संक्षेप केला: 'पट्ट्यांची अदलाबदल झाली आहे. दांडी उभी म्हणजे पाणी चालू, आडवी म्हणजे बंद.' माझ्या स्वयंपाकघरातल्या उभ्या पाइपाकडे पाहत लिहिलेले हे वाक्य मला इतके सुटसुटीत वाटले की मी त्याखाली रेघ ओढली.

चिठ्ठी ठेवणे हाही एक उपद्व्यापच होता. चिकटपट्टीने दाराचा रंग निघतो. पायपुसण्यावर ठेवली तर पहिला पाय तिच्यावरच पडतो. आणि दाराबाहेर लटकणारा कागद घरात कोणी नसल्याची जाहिरात करतो. शेवटी घडी घालून, मजकूर आत ठेवून, दाराखालून ती पूर्ण आत सरकवली आणि कोणी पाहण्यापूर्वी चोरासारखा परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडाला साबण लावला आणि नळ कोरडा पडला. चाचपडत दार उघडले, तर समोर नवे शेजारी, हातात माझी चिठ्ठी.

"तुमच्याकडेही पाणी नाही का?" त्यांनी अत्यंत अदबीने विचारले. "आम्ही तुमच्या सूचनेप्रमाणे डक्ट पाहिला. आमची दांडी आडवी होती, म्हणून लगेच उभी केली. तुमचीही आडवीच दिसली; म्हटले, तुमच्या लक्षात आले नसेल, म्हणून तीही उभी करून ठेवली."

डक्टमधले पाइप आडवे आहेत.