लांब केसांनी कपाळाचे कोपरे झाकत नाहीत

"कपाळाचे कोपरे आत जायला लागले की पुढचे केस लांब वाढवायचे आणि जेल लावून मागे बसवायचे. सलूनमध्ये पुढची लाईन सरळ करून घ्यायची. तरीही जमलं नाही तर एकदा चकोट करा, केस दाट येतात." हा सल्ला नेहमी ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे.

कानशिलांवरचे केस गळायच्या आधी बारीक होत जातात. असे केस वाढवले की त्यांच्या बटा सुटतात आणि दोन बटांमधून डोक्याची कातडी दिसते. जेलने केस एकमेकांना चिकटतात, त्यामुळे फटी आणखी रुंद होतात. वर केस मागे नेल्यावर दोन्ही कोपरे उघडेच पडतात, म्हणजे जे लपवायचं तेच समोर येतं.

माझ्याकडे असाच एक तरुण आला होता. कोपरे बरेच आत गेलेले, पण कपाळाच्या मधोमध केस चांगले दाट. मधल्या दाट केसांवरच सगळं अवलंबून असतं. वरचे केस चारेक सेंटिमीटर ठेवले, पुढची झुलपं कपाळाच्या वरच्या एक तृतीयांश भागापर्यंत पुढे आणली. त्यांची टोकं कात्री उभी धरून कमी-जास्त कापली, कारण सरळ रेघेत कापलेल्या झुलपांत कोपऱ्यांजवळची विरळ जागा लगेच कळते. बाजूला दोन नंबरची मशीन, कल्ल्यांपाशी एक नंबर. बाजू आखूड झाल्या की वरचे केस आपोआप भरगच्च दिसतात. फेड, म्हणजे खालून वर हळूहळू लांब होत जाणारी कापणी, मात्र कानाच्या वर थोडाच नेला. तो कोपऱ्यापर्यंत चढवला तर कपाळ आणि कानशील एकच मोकळं मैदान होतं, ही चूक फार सलूनमध्ये होते.

घरी करायचं एवढंच: केस ओले असताना ड्रायरचा झोत मागून पुढे द्यायचा, मग चकाकी नसलेली क्ले वाटाण्याएवढी घेऊन तळहातावर पूर्ण चोळायची आणि मुळांपाशी लावायची. केस तुकतुकीत दिसू लागले तर क्ले जास्त झाली.

लाईन सरळ करायला सांगू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. कोपरे मागे असताना रेघ सरळ करायची तर मधले चांगले केसच काढावे लागतात. कपाळ आणखी उंच होतं आणि चार दिवसांत तिथे खुंट दिसू लागतात.

चकोट केल्याने दाटपणा वाढत नाही. केस कातडीखालच्या मुळातून येतो, वस्तरा तिथवर पोचतच नाही. नव्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो.

मधले केसही विरळ झाले असतील तर झुलपांचा उपयोग नाही. तेव्हा सगळीकडे एक किंवा दोन नंबरची मशीन आणि नीट आखलेली दाढी शोभते. केस कोपऱ्यांऐवजी चकत्याचकत्यांनी जात असतील तर मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.